भर पावसाळ्यात लागलेली ‘उन्हाळी’ : वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गाचे एक प्रकरण

सांगलीत मी गेली बरीच वर्षे जनरल प्रॅक्टिस करते. इथे लिहिलेले प्रकरण खरे आहे, पण ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांचे हे प्रकरण आहे त्यांना मी कमलताई म्हणेन. हे त्यांचे खरे नाव नाही. लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.

पार्श्वभूमी

कमलताई ३६ वर्षांच्या. राहणे तासगाव तालुक्यातल्या एका गावात. दोन मुले, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले. बेदाणा निवडायच्या कामावर रोजंदारीने जातात. सकाळी नऊला टेबलापाशी बसायचे ते संध्याकाळी सहापर्यंत, मध्ये जेवणाची सुट्टी. नवरा चाकणला कारखान्यात आहे, दर पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जातो. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या जावेबरोबर आल्या. बाहेर पाऊस सुरू होता आणि त्यांचे पहिलेच वाक्य होते, “मॅडम, उन्हाळी लागलीय. लई जळतंय. पण आता पावसाळ्यात कशी काय लागली?”

आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि उपायही उष्णतेवरचे करतात: सब्जा, धन्याचे पाणी, वाळ्याचे पाणी. उन्हात राबून पाणी कमी प्यायले की लघवी गडद होते आणि थोडी चुरचुरते, त्यामुळे हा शब्द अगदीच निराधार नाही. पण दर दहा मिनिटांनी जावेसे वाटणे, गेले की चार थेंब होणे, शेवटच्या थेंबाला कळ येणे, ओटीपोट दुखणे ही उष्णता नव्हे. ही मूत्राशयाला सूज आल्याची लक्षणे आहेत आणि बहुतेक वेळा तिच्यामागे आपल्याच आतड्यातला ई. कोलाय नावाचा जंतू असतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर असते आणि तिचे तोंड गुदद्वारापासून फार लांब नसते, त्यामुळे या जंतूला मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा जातो.

वर्षभरातला हा त्यांचा चौथा त्रास. आधीच्या तिन्ही वेळा गावातल्या मेडिकलमधून ‘लघवीच्या गोळ्या’ घेतल्या होत्या. रिकामी पट्टी त्यांनी पर्समध्ये जपून ठेवली होती, पुढच्या वेळी दाखवायला. ऑफ्लॉक्सासिन होते. कधी चार गोळ्या, कधी सहा. जळजळ थांबली की बंद. या वेळीही दोन गोळ्या पोटात गेल्यावरच त्या माझ्याकडे आल्या. शिवाय जळजळ शमवायचे लाल सिरप दिवसातून तीनदा चालू होते.

पहिली अडचण : पुरावाच नाही

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन संसर्ग झाले तर त्याला वारंवार होणारा मूत्रसंसर्ग म्हणतात. कमलताई या मोजमापात बसत होत्या. पण चारपैकी एकदाही लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, झालेले नव्हते. एका जुन्या साध्या तपासणीत ‘पू-पेशी १५ ते २०’ इतकेच होते. पू-पेशी सूज सांगतात. कोणता जंतू आहे आणि त्याच्यावर कोणते औषध चालते हे त्या सांगत नाहीत. योनीतला स्राव नमुन्यात मिसळला तरी त्या वाढतात.

मी कल्चर पाठवले. दोन गोळ्या आधीच गेल्या असल्याने जंतू उगवेल याची फारशी आशा नव्हती, आणि अहवाल ‘वाढ नाही’ असाच आला. तोपर्यंत मी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, जेवणाबरोबर, असे सुरू केले होते. अंगावरून पांढरे जाण्याचे किंवा योनीत खाज येण्याचे लक्षण नव्हते, ताप नव्हता, पाठीत बरगडीखाली दुखत नव्हते, त्यामुळे संसर्ग मूत्राशयापुरताच आहे असे धरले. किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गाला हे औषध देऊन चालत नाही, कारण ते लघवीत भरपूर उतरते पण किडनीच्या ऊतीत पुरेसे साठत नाही.

लाल सिरप मात्र बंद करायला सांगितले. या सिरपात सायट्रेट असते आणि ते लघवी अल्कधर्मी करते. जळजळीला तात्पुरता आराम मिळतो, पण नायट्रोफ्युरँटॉइनला आम्लधर्मी लघवीच मानवते. दोन्ही एकत्र दिली की एक औषध दुसऱ्याचे काम कमी करते. आपल्याकडे ही जोडी एकाच चिठ्ठीवर सर्रास लिहिलेली दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

जाताना त्यांना झाकणाची निर्जंतुक बाटली दिली आणि एकच नियम सांगितला: पुढच्या वेळी जळजळ झाली तर गोळीच्या आधी बाटली. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. ते जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. खोलीच्या उष्णतेत दुपारभर पडलेल्या लघवीत जंतू आपोआप वाढतात आणि नसलेला संसर्ग कागदावर दिसू लागतो.

जुलैच्या मध्यावर ती बाटली आली, सकाळी, गोळी न घेता. ई. कोलाय, मिलिलीटरला एक लाखाहून जास्त. ऑफ्लॉक्सासिन आणि त्याच्या जातीची सगळी औषधे निकामी. तोंडावाटे दिली जाणारी सेफॅलोस्पोरिन्स निकामी. कोट्रायमॉक्झाझोल निकामी. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन लागू पडणारी. वर्षभर ज्या गोळ्यांवर भिस्त होती त्या या जंतूवर चालतच नव्हत्या. अशा वेळी दोन-तीन दिवसांत जे बरे वाटते, ते पुष्कळदा शरीराने आपले आपण सांभाळून घेतलेले असते.

तपासण्या : कुठपर्यंत जायचे

रक्तातली साखर पाहिली, तीन महिन्यांची सरासरी साखरही पाहिली; ठीक होती. किडनीचे काम सांगणारे क्रिएटिनिन ठीक. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नीट, खडा नाही, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात उरलेली लघवी २० मिलिलीटर, म्हणजे नगण्य. ही शेवटची मोजणी करायला सोनोग्राफीवाल्यांना चिठ्ठीवर मुद्दाम लिहून द्यावे लागते. मूत्राशय रिकामे होत नसेल तर साठलेल्या पाण्यात शेवाळ धरावे तसे जंतू धरतात, आणि मग कितीही गोळ्या दिल्या तरी फरक पडत नाही.

जाऊबाईंनी विचारले, “दुर्बिणीनं बघायला नको का?” मी नको म्हटले. लघवीत रक्त राहत असते, खडा दिसला असता, पूर्वी मूत्रमार्गाचे ऑपरेशन झाले असते, प्रत्येक वेळी ताप येत असता किंवा दर वेळी तोच खडा करणारा जंतू सापडत असता, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले असते. छत्तीस वर्षांच्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या बाईत दुर्बिणीतून सहसा काही सापडत नाही. खर्च होतो आणि त्रास होतो.

तीन महिने रोजच्या उपायांचे

लगेच प्रतिबंधक अँटिबायोटिक न देता आधी रोजच्या सवयींकडे वळायचे ठरवले. त्या दिवसभरात किती पाणी पितात हे विचारल्यावर उत्तर आले, “पितो की, तहान लागली की.” म्हणून दुसऱ्या दिवशी एकच बाटली वापरायला सांगितली आणि संध्याकाळी फोन करायला लावला. सकाळपासून रात्रीपर्यंत चहा धरून ९०० मिलिलीटर भरले.

पाण्याचा फायदा हा नुसता पाठ म्हणून सांगायचा विषय नाही, त्याला चांगला आधार आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी दिले. वर्षभरात जादा पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या सगळ्या पाळी चालू असलेल्या आणि मुळात कमी पिणाऱ्या बायका होत्या, म्हणजे अगदी कमलताईंसारख्या. आधीच अडीच लिटर पिणाऱ्या बाईला आणखी प्यायला लावून हाच फायदा होईल असे यावरून म्हणता येत नाही.

पण पाणी पिणे ही अर्धीच गोष्ट होती. त्या कमी पीत होत्या कारण जायला जागा नव्हती. कामाच्या ठिकाणी साठ-सत्तर बायकांना एक संडास, त्याची कडी तुटलेली, आणि उठले की टेबलावरचा माल मागे पडतो. म्हणून सकाळपासून पाणीच न पिणे हा त्यांनी शोधलेला मार्ग होता. पहिला महिना त्यांनी हिमतीने रोज सव्वादोन लिटर पाणी प्यायले आणि चार-चार तास लघवी धरून ठेवली. मला हे ऑगस्टमध्ये कळले. मग मुकादमाशी बोलणी झाली ती त्यांच्या सासऱ्यांमार्फत: कडी बसली, आणि दोन-दोन बायकांनी अकरा, दीड आणि चार वाजता उठायचे असे ठरले. एकीने दाराशी थांबायचे. हे बोलायला सासरे तयार झाले याचे मला आजही कौतुक वाटते.

बाकीच्या उपायांबद्दल मी त्यांना जे आहे ते सांगितले. शौचानंतर पुढून मागे धुणे, सुती अंतर्वस्त्र वापरणे यात नुकसान काहीच नाही, पण त्यांनी संसर्ग थांबतो याचा पुरावा कमकुवत आहे. त्यामुळे ज्या बाईला वारंवार त्रास होतो तिला ‘स्वच्छता पाळत नाहीस’ असे सुनावणे अन्यायाचे आहे. कमलताई उलट फार स्वच्छता पाळत होत्या, योनीमार्ग आतून अँटिसेप्टिकने धूत होत्या. ते बंद केले, कारण तिथले राखण करणारे लॅक्टोबॅसिलस जंतू त्याने मरतात आणि मोकळ्या जागेत ई. कोलाय बस्तान बसवतो. शुक्राणुनाशक गोळ्या किंवा जेल वापरणाऱ्या बायकांतही हेच होते. कमलताईंना त्याची गरज नव्हती.

आणि एक गोष्ट मागितली: जळजळ सुरू झाली त्या तारखेला घरच्या कॅलेंडरवर गोल करायचा.

माझी एक चूक

ऑगस्टच्या शेवटी त्या नुसत्या भेटायला आल्या. काही त्रास नव्हता. मला खात्री करून घ्यायची होती म्हणून मी कल्चर पाठवले. त्यात ई. कोलाय उगवला. लक्षण एकही नाही, पण अहवालावर ‘एक लाखाहून जास्त’ हे शब्द, आणि समोर सहा महिने गांजलेली बाई. मी फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी दिली.

ती द्यायला नको होती. लक्षणे नसताना लघवीत जंतू सापडणे हा आजार धरत नाहीत. गरोदरपणात आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होईल अशा शस्त्रक्रियेआधी त्यावर उपचार करतात, एरवी नाही. इटलीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार त्रास होणाऱ्या तरुण बायकांना अशा मूक जंतूंसाठी अँटिबायोटिक दिल्यावर पुढचे त्रास कमी न होता वाढले होते. तिथे बसलेला निरुपद्रवी जंतू कधी कधी दुसऱ्या उपद्रवी जंतूला जागा देत नाही. कमलताईंना तीन आठवड्यांत, गणपतीत, पुन्हा जळजळ झाली. माझ्या पुडीमुळेच झाली असे सिद्ध करता येणार नाही. पण ते कल्चर पाठवायचेच कारण नव्हते.

कॅलेंडरचे पान

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या पुन्हा आल्या. कल्चर पुन्हा ई. कोलाय, तीच औषधे लागू पडणारी आणि तीच निकामी. पाणी, वेळेवर उठणे हे सगळे सप्टेंबरपासून नीट चालले होते, तरी दीड महिन्यात दोन वेळा त्रास झाला होता. त्यांनी पिशवीतून अख्खे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले.

त्यावर नुसते गोल नव्हते. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब होता, ‘अर्धा’, ‘अर्धा’, ‘अर्धा’, आणि मध्येच दोन दिवस ‘एक’. काही ठिकाणी पेन्सिलीने ‘मेडिकल ६०’, ‘मेडिकल ८०’ अशी उधारी. म्हणजे गोल करायला सांगण्याआधीचे त्रासही तिथे नोंदलेले होतेच. मी जानेवारीपासून पाने उलटत गेले. फेब्रुवारीतली उधारी, एप्रिलमधली, मग जून, जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर. सहा खुणा. सहापैकी पाच ‘एक लिटर’च्या पाठोपाठच्या तीन दिवसांत.

“या दिवशी दूध जास्त का घेता?”

“मालक येत्यात न्हवं का. त्यांना चहा लागतो सारखा.”

जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांना काउंटरवर जाऊन औषधाचे बिल करून आणायला सांगितले आणि मग विचारले. कमलताईंनी खाली बघत मान हलवली. त्यांना स्वतःला हे केव्हाच लक्षात आले होते. “पण मला वाटलं, त्यास्नी काय झालंय आणि मला लागतंय. कुणाला सांगू मी?”

हा धागा जूनमध्येच सापडायला हवा होता. तरुण बायकांत वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गाचे सगळ्यात नेहमीचे निमित्त शरीरसंबंध हेच असते. त्या वेळी मूत्रनलिकेच्या तोंडाशी असलेले आपलेच जंतू आत ढकलले जातात. नवऱ्याचा कोणताही रोग यात लागत नाही, आणि यात कुणाचा दोष किंवा अस्वच्छपणाही नसतो. दर वेळी होतेच असेही नाही. दहा महिन्यांत वीसेक वेळा नवरा आला, त्रास पाचदा झाला. शरीरसंबंधातून लागणारे आजार वेगळे. त्यात स्राव किंवा फोड दिसू शकतात, पण पुष्कळदा लक्षण काहीच नसते. मी तपासणी केली, तसे काही नव्हते. पुढच्या रविवारी नवऱ्याशी फोनवर बोलले. त्यांना गोळ्या घ्यायची गरज नाही हे सांगितल्यावर त्यांनी लांब श्वास सोडला तो मला ऐकू आला.

संबंधानंतर लघवीला जाऊन येता का, हेही विचारले. नव्हत्या जात. संडास अंगणापलीकडे. मधल्या सोप्यात सासू-सासरे झोपतात आणि दाराची कडी वाजते. रात्री कडी वाजली की सगळ्या घराला कळते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अँटिबायोटिकशिवायचा. क्रॅनबेरीने वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत धोका काही प्रमाणात कमी होतो असे २०२३ मध्ये एकत्रित पाहणीतून दिसले आहे, पण रोजंदारीवरच्या बाईला महिनोन्‌महिने त्या गोळ्या घेणे परवडत नाही. डी-मॅनोज नावाची साखरेची पूड बरीच खपते. २०२४ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही, म्हणून ती सोडली. मेथेनामाइन हिप्युरेट हे मला मनापासून पटणारे औषध. ते अँटिबायोटिक नाही, आम्लधर्मी लघवीत फॉर्मल्डिहाइड तयार करून जंतू मारते, त्यामुळे जंतू औषधाला सरावण्याचा प्रश्न येत नाही. २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत, दिवसातून दोनदा १ ग्रॅम या प्रमाणात, ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तुलनेत स्वीकारार्ह ठरले. पण ते रोज दोनदा घ्यावे लागते, आणि इथे धोका तर महिन्यातल्या चार रात्रींपुरता होता.

दुसरा पर्याय म्हणजे लक्षण दिसताच घरीच पाच दिवसांचा कोर्स सुरू करणे, त्याआधी बाटली भरून ठेवणे. समजूतदार रुग्णात हा चांगला मार्ग आहे आणि कमलताईंना तो जमला असता. पण त्यात त्रास व्हायचा तो होतोच. दर वेळी त्यांची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडत होती.

तिसरा, रोज रात्री कमी मात्रेत अँटिबायोटिक, म्हणजे नायट्रोफ्युरँटॉइन ५० ते १०० मिलिग्रॅम. झोपताना अशासाठी की रात्रभर लघवी मूत्राशयात राहते आणि औषधाला वेळ मिळतो. ज्या बायकांत त्रास वारंवार होतो, कल्चरने सिद्ध झालेला असतो, साधे उपाय करून झालेले असतात आणि ठरावीक निमित्त सापडत नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग असतो. तीन महिने देऊन पुन्हा बघायचे, फार तर सहा महिने. तारीख न ठरवता सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, आणि या औषधाचे काही गंभीर दुष्परिणाम ते लांबल्यावर डोके वर काढतात: फुफ्फुसात जाळे धरून कोरडा खोकला आणि दम, यकृताची सूज, पायाला मुंग्या. म्हणून रोज चालू असेल तर यकृताची तपासणी अधूनमधून करायची, आणि नवा खोकला आला तर गोळी आधी थांबवायची.

चौथा, संबंधानंतर दोन तासांच्या आत एकच गोळी. निमित्त इतके स्पष्ट असताना हाच पर्याय सरळ होता. हिशेब मांडला: सहा महिने रोज घेतल्या तर १८० गोळ्या, अशा घेतल्या तर जास्तीत जास्त २६. जंतूला औषधाची सवय लागण्याची संधी तितकीच कमी, दुष्परिणामही कमी.

त्यांच्या सासूबाईंना असाच त्रास असता तर मी या रांगेतून वेगळी निवड केली असती. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, योनीची त्वचा पातळ होते, लॅक्टोबॅसिलस नाहीसे होतात, आणि तिथे इस्ट्रिऑलचे क्रीम हा प्रतिबंधक अँटिबायोटिकच्या आधीचा उपाय असतो: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. साठीच्या बाईला थेट रोजची अँटिबायोटिक गोळी सुरू करून दिलेली पाहिली की मला वाईट वाटते, कारण तिच्या मूळ कारणावर औषध हाताशी असते.

काय केले

ऑक्टोबरचा संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर, नोव्हेंबरपासून नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅमची एक गोळी, संबंधानंतर, अर्धा कप दूध किंवा दोन बिस्किटांबरोबर, कारण रिकाम्या पोटी मळमळते. एका रात्रीत एकच. सुरू करण्याआधी जी६पीडीची तपासणी केली. त्या एन्झाइमची कमतरता असेल तर या औषधाने रक्तपेशी फुटू शकतात. किडनीचे काम मंद असते तरी हे औषध निवडता आले नसते. लघवी गडद पिवळी होईल, घाबरू नका, हेही आधीच सांगितले. नाहीतर ‘उष्णता पडली’ म्हणून गोळी बंद झाली असती.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले: ताप, थंडी वाजणे, पाठीत एका बाजूला दुखणे किंवा उलट्या झाल्या तर घरातली गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी यायचे. आणि थांबायची तारीख लिहिली, ३० एप्रिल.

कडीचा प्रश्न कमलताईंनी स्वतः सोडवला. नवऱ्याला सांगून कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून घेतला. लगेच लघवीला जाण्याचा फायदा अभ्यासांतून ठामपणे दिसलेला नाही, पण खर्च शून्य आणि तोटा काही नाही, म्हणून मी तो सांगतेच.

पुढे काय झाले

नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदाही त्रास झाला नाही. मार्चमध्ये झाला. गावची यात्रा होती, नवरा आठवडाभर घरी होता. मी दर महिन्याला मोजून चार गोळ्या देत होते आणि त्या तिसऱ्याच दिवसापर्यंत संपल्या. मेडिकलमधून घ्यायच्या तर चिठ्ठी माझ्याकडे, आणि यात्रेच्या गर्दीत सांगलीला कोण येणार? बाटली मात्र त्यांनी भरून ठेवली होती. जंतू तोच, नायट्रोफ्युरँटॉइन अजूनही लागू पडणारे. त्या गोळी न घेता आजारी पडल्या होत्या, म्हणून त्याच औषधाचा पाच दिवसांचा कोर्स दिला. गोळी नियमित घेत असताना त्रास झाला असता तर कल्चर येईपर्यंत मी दुसरे औषध निवडले असते.

३० एप्रिलला गोळी थांबवली. सहा महिन्यांत एकूण २४ गोळ्या लागल्या होत्या, पाच दिवसांच्या कोर्सच्या वेगळ्या. थांबवल्यावर काही बायकांचा त्रास पूर्वीसारखाच परत येतो, हे त्यांना आधीच सांगितले होते. पुढच्या पाच महिन्यांत त्यांना एकदा झाला. तो त्यांनी बाटली भरून, फोन करून, घरीच औषध घेऊन निभावला. वर्षात दोनदा झाले तर पुन्हा नोव्हेंबरसारखे करायचे की नाही हे तेव्हा ठरवू, असे आमचे बोलणे झाले आहे. पाणी सव्वादोन लिटरवर टिकले आहे. अकरा, दीड, चारचा क्रमही टिकला आहे, आणि आता इतर बायकाही त्याच वेळी उठतात.

आज असते तर

जूनमध्येच जाऊबाईंना पाच मिनिटे बाहेर बसवले असते. बाईबरोबर कुणी आले की त्यांना सोबत घेऊनच बोलायची आपल्याकडची पद्धत आहे, आणि सोबत आलेली बाई प्रेमानेच आलेली असते. पण तिच्यासमोर हा प्रश्न विचारता येत नाही आणि विचारला तर खरे उत्तर येत नाही. त्या पाच मिनिटांअभावी कमलताईंचे चार महिने गेले. आता मूत्रसंसर्गाच्या प्रत्येक रुग्णाला मी ‘वजन करायला आत या’ म्हणून एकटीला आत घेते.

पाणी वाढवायला सांगण्याआधी संडासाची चौकशी केली असती. जास्त पाणी आणि धरून ठेवलेली लघवी, या जोडीने ऑगस्ट महिना वाया गेला.

गोळ्या मोजून देण्यातही मी अडाणीपणा केला. जपून वापर व्हावा हा हेतू बरोबर होता, पण हिशेब नवऱ्याच्या नेहमीच्या फेऱ्यांवर बेतला होता आणि यात्रा, गणपती, दिवाळी कॅलेंडरवर माझ्यासमोर छापलेली होती. आता अशा वेळी सहा जादा गोळ्या वेगळ्या पाकिटात देते आणि पाकिटावर सणाचे नाव लिहिते.